दिसते ते सांगू नये: माहितीपटाच्या निवेदनाचे लेखन

माहितीपटातील निवेदन म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या माणसाने चित्रावर बोललेला मजकूर. प्रेक्षकाचे डोळे चित्रात गुंतलेले असतात आणि कान बऱ्याच अंशी मोकळे असतात. निवेदनाच्या वाट्याला येते ती हीच मोकळी जागा. उसाने भरलेली बैलगाडी पडद्यावर चालली असताना ‘उसाची बैलगाडी रस्त्याने जात आहे’ असे ऐकू आले, तर प्रेक्षकाला नवे काहीच मिळत नाही. उलट या आवाजाकडे लक्ष दिले नाही तरी चालते, हे त्याला कळते आणि पुढचे महत्त्वाचे वाक्यही त्याच्या कानाआड जाते. त्याच गाडीवर ‘काट्यापर्यंत पोहोचायला हिला अजून एक रात्र लागेल’ असे वाक्य आले, की बैलांची चाल, गाडीवानाची मान आणि मावळतीचा उजेड या सगळ्यांकडे पाहण्याची नजर बदलते. चित्र तेच राहते, पण आता त्यात काळ आलेला असतो.

दिसते तेच सांगण्याची सवय लागण्याची कारणे कामाच्या पद्धतीत सापडतात. पहिले कारण रेडिओचे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांसारखे समालोचक क्रिकेटचा सामना मराठीतून सांगत, तेव्हा गोलंदाजाची धाव, चेंडूचा टप्पा आणि क्षेत्ररक्षकाची जागा शब्दांनीच उभी करावी लागे; ऐकणाऱ्यापुढे मैदान नव्हते. दूरचित्रवाणीवर मैदान समोर असते आणि तीच पद्धत तिथे निरुपयोगी ठरते. ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार आणि समालोचक रिची बेनो यांचा नियम प्रसिद्ध आहे: पडद्यावरच्या चित्रात भर घालता येत असेल तरच बोलावे.

दुसरे कारण जास्त खोलवरचे आहे. अनेकदा संहिता चित्रीकरणाच्या आधीच निबंधासारखी पूर्ण लिहिली जाते आणि नंतर तिच्यावर चित्रे बसवली जातात. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवणे बंधनकारक होते आणि ते अनेक भारतीय भाषांत तयार होत. त्यांतल्या बऱ्याच पटांत माहितीचा सगळा भार निवेदनावर असे आणि चित्र केवळ साक्षीला उभे राही. त्याच संस्थेत एस. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’ हा पट निवेदनाचा एकही शब्द न वापरता केला. चित्राला स्वतःचे बोलणे असते, हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

निवेदनाने काय सांगावे, याचे उत्तर कॅमेऱ्याच्या मर्यादांत आहे. कॅमेरा या क्षणी, या जागी जे आहे ते टिपतो. त्या जागी पूर्वी काय होते किंवा पुढे काय होणार, हे त्याला टिपता येत नाही. समोरची गोष्ट कशामुळे घडली, हेही तो दाखवू शकत नाही. एकटे धरण पडद्यावर किती मोठे आहे हे कळत नाही. शेजारी माणूस उभा असला तर थोडा अंदाज येतो. चव, वास आणि स्पर्श त्याच्या पल्ल्याबाहेर राहतात. आणि जे तिथे नाही ते त्याला मुळीच दाखवता येत नाही: गाव सोडून गेलेली माणसे, बंद पडलेली गिरणी, आटलेला झरा. निवेदनाची खरी कामे या यादीतूनच निघतात.

याशिवाय एक काम चित्रातच दडलेले असते. गोष्ट पडद्यावर असते, पण ती पाहायची असते हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. आलां रेने यांच्या ‘नाइट अँड फॉग’ (१९५६) या बत्तीस मिनिटांच्या फ्रेंच माहितीपटात याचे फार नेमके उदाहरण आहे. नाझी छळछावण्यांवरच्या या पटाचे निवेदन जाँ केरोल यांनी लिहिले. ते स्वतः माउटहाउझेनच्या छावणीत कैदी होते. एका ठिकाणी कॅमेरा गॅसकोठडीच्या छतावरून संथपणे सरकतो. दिसते ते फक्त खडबडीत काँक्रीट. तेव्हा निवेदन सांगते की, इथे घडलेल्याची खूण या छतावर उरली आहे. नखांनी काँक्रीटही ओरबाडले गेले आहे, मात्र ते आधी माहीत असावे लागते. छताचा रंग, उंची, जुनेपणा यांबद्दल एक शब्दही नाही. भीषणतेची विशेषणे नाहीत. एक वस्तुस्थिती सांगितली जाते आणि प्रेक्षक स्वतःच छतावर ओरखडे शोधू लागतो. वर्णनात्मक वाक्याने चित्र बंद होते, तर अशा वाक्याने ते उघडते.

प्रत्यक्ष लेखनाची सोयीची वेळ रफ कट तयार झाल्यानंतरची. संकलकाने दृश्ये क्रमाने लावलेली असतात आणि प्रत्येक शॉटची लांबी ठरत आलेली असते. लेखक कागदावर तीन रकाने आखतो. पहिल्यात शॉट आणि त्याचे सेकंद. दुसऱ्यात आवाज बंद ठेवून पाहिले असता अनोळखी माणसाला जे कळेल ते. तिसऱ्यात तोच माणूस विचारील असा प्रश्न. दुसऱ्या रकान्यातले काहीही निवेदनात येता कामा नये; निवेदन तिसऱ्या रकान्यातून लिहायचे. प्रश्नच सुचला नाही, तर तो शॉट निवेदनाशिवाय सोडावा.

लांबीचा हिशेबही आधीच करावा लागतो. मराठी निवेदन स्पष्ट आणि सावकाश वाचले तर सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द मोजायला कमी आणि उच्चारायला लांब असतात. म्हणून दहा सेकंदांच्या शॉटमध्ये वीस शब्द ही कमाल मर्यादा झाली. तेवढे भरले तर वारा, पाणी, यंत्र, माणसांचे बोलणे यांपैकी काहीच ऐकू येणार नाही. एकूण वेळेचा सुमारे एक तृतीयांश भाग रिकामा ठेवणे हा व्यवहारात उपयोगी पडणारा हिशेब आहे.

हे सारे एका छोट्या प्रसंगावर करून पाहता येते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरावरचा माहितीपट आहे असे मानू. त्यातला एकोणचाळीस सेकंदांचा भाग पाच शॉटचा आहे. पहिला, ड्रोनमधून दिसणारे संपूर्ण सरोवर, दहा सेकंद. दुसरा, काठावरच्या कड्यात दिसणारे खडकाचे थर, आठ सेकंद. तिसरा, प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलेला खडकाचा नमुना, सहा सेकंद. चौथा, हळद लावलेले बोट सरोवराच्या पाण्यात बुडते आणि हळद लाल होते, आठ सेकंद. पाचवा, जून २०२० मधले गुलाबी पाणी, सात सेकंद.

अशा प्रसंगाचा पहिला खर्डा बहुधा असा उतरतो: ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले, हिरव्यागार वनराईने वेढलेले, असे हे लोणारचे विहंगम गोलाकार सरोवर. सरोवराच्या काठावर काळ्या कातळाचे थर दिसून येतात. शास्त्रज्ञांकडून येथील खडकांचे प्रयोगशाळेत परीक्षण करण्यात येते. या पाण्यात हळद बुडवली असता तिचा रंग लाल होतो. २०२० साली तर सरोवराचे पाणी चक्क गुलाबी झाले होते.’ यात चुकीचे काही नाही. पण गोलाई, हिरवळ, कातळ, लाल हळद आणि गुलाबी पाणी हे सगळे दुसऱ्या रकान्यातले आहे. नवी माहिती म्हणावी तर केवळ एक सालाचा आकडा.

तिसऱ्या रकान्यातले प्रश्न वेगळे असतात. हा खड्डा कशाने पडला? हे थर तिरके का? दगडाच्या या तुकड्यात पाहण्यासारखे काय? हळद लाल का झाली? पाणी गुलाबी कशाने झाले? यांना धरून पहिल्या शॉटवर असे लिहिता येईल: ‘दख्खन ज्वालामुखीनं घडवलं. म्हणून हा खड्डाही ज्वालामुखीचंच तोंड, असा समज बराच काळ होता.’ तेरा शब्द, साधारण साडेसहा सेकंद. पहिले तीन सेकंद वाऱ्याच्या आवाजावर सोडता येतात, म्हणजे सरोवराची गोलाई प्रेक्षक स्वतःच मनात नोंदवतो. वाक्य भूतकाळात ‘समज होता’ असे थांबते. तो समज खोटा ठरला असणार, ही शंका घेऊन प्रेक्षक पुढच्या शॉटवर जातो.

दुसऱ्या शॉटवर लेखकाचा पाय घसरण्याची शक्यता जास्त. ‘दख्खनचे थर आडवे असतात. इथले बाहेरच्या बाजूला कलले आहेत. धक्का वरून आला.’ ही तिन्ही वाक्ये ऐकायला जोरकस आहेत, पण तिसरे चित्राच्या पुरतेपणापलीकडे जाते. कललेल्या थरांवरून जमीन उचलली गेली एवढेच कळते. ती आतल्या स्फोटाने उचलली की बाहेरच्या आघाताने, याचा निकाल त्यांच्यावरून लागत नाही. निर्णायक पुरावा तिसऱ्या शॉटमध्ये आहे. लोणारच्या खडकात मास्केलिनाईट नावाची काच सापडली. बेसाल्टमधल्या एका खनिजावर प्रचंड दाबाचा तडाखा बसला की ते न वितळता काचेसारखे होते आणि असा तडाखा ज्वालामुखी देऊ शकत नाही. म्हणून दुसऱ्या शॉटचे शेवटचे वाक्य ‘जमीन इथे उचलली गेली’ असे नरम करावे लागते आणि तिसऱ्यावर येते: ‘जमिनीखालून काढलेल्या या खडकात काच सापडली. एवढा दाब फक्त उल्कापाताचा.’ खनिजाचे नाव बोलण्यात नाही. ज्याला हवे त्याच्यासाठी ते पडद्यावर अक्षरांत देता येते. निष्कर्ष मात्र त्याचा पुरावा दिसत असतानाच कानावर येतो.

चौथा शॉट स्वतःच बोलका आहे. हळद लाल होईपर्यंत निवेदकाने तोंड उघडू नये. रंग पालटला की मग: ‘स्पर्शाला साबणासारखं, चवीला खारट. हे पाणी अल्कधर्मी आहे.’ स्पर्श आणि चव कॅमेऱ्याला मिळत नाहीत, त्या आधी येतात. कारण शेवटी येते. इथे आकड्याचा मोह टाळणे शहाणपणाचे. लोणारच्या पाण्याचा सामू अनेक वर्षांच्या मोजणीत दहाच्या आसपास आढळला आहे, पण पाऊस, झऱ्यांचे पाणी आणि बाष्पीभवन यांनुसार तो बदलतो. आकडा द्यायचाच तर चित्रीकरणाच्या दिवशी मोजलेला द्यावा. पाचव्या शॉटवर ‘जून २०२०’ ही अक्षरे पडद्यावर असतील, तर तारीख पुन्हा बोलायची गरज नाही. तिथे एवढेच पुरते: ‘पाणी आटलं, खारटपणा वाढला, मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले. रंग त्यांचा.’

पाचही शॉट मिळून चोपन्न शब्द होतात. वाचायला साधारण सत्तावीस सेकंद लागतात आणि बारा सेकंद वारा, पाणी व शांततेसाठी उरतात. सरोवर गोल आहे, हिरवे आहे, सुंदर आहे, हे कुठेही म्हटलेले नाही. पण खड्डा कसा पडला, याचा शोध पाच चित्रांतून सलग पुढे सरकला आहे.

शब्द कोणते, याइतकेच ते कुठे पडतात यालाही महत्त्व असते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘अनेक वर्षांच्या संशोधनानंतर देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या परीक्षणातून येथील खडकात काच असल्याचे सिद्ध झाले आहे’ हे वाक्य कागदावर चालते. पडद्यावर मात्र ‘काच’ हा शब्द उच्चारला जाईपर्यंत दगडाचा शॉट जाऊन हळदीचे बोट आलेले असते आणि काचेचा संबंध हळदीशी लागतो. उपाय दोन. लांब वाक्याचे दोन-तीन तुकडे करावेत, आणि चित्रातल्या वस्तूशी जोडलेला शब्द ती वस्तू दिसत असतानाच यावा. ‘हा’, ‘इथे’, ‘या’ ही छोटी दर्शक पदे बोट दाखवण्याचे काम करतात. वस्तूचे नाव घेण्याऐवजी ती वापरली की शब्द वाचतो आणि नजरही जागेवर जाते. ‘करण्यात येते’, ‘दिसून येते’, ‘पाहावयास मिळते’ ही कार्यालयीन क्रियापदे निघाली तर जवळजवळ प्रत्येक वाक्य हलके होते. ‘विहंगम’, ‘नयनरम्य’, ‘मनमोहक’ यांची तर गरजच नसते. दृश्य तसे असेल तर ते दिसतेच, आणि नसेल तर विशेषणाने होत नाही.

अर्थाची भर घालण्याच्या या कामाला एक धोका चिकटलेला आहे. चित्र मूक असते, त्यामुळे त्याच्यावर कोणताही अर्थ लादता येतो. फ्रेंच दिग्दर्शक ख्रिस मार्कर यांनी ‘लेटर फ्रॉम सायबेरिया’ (१९५७) या पटात हे प्रयोग करूनच दाखवले. याकुत्स्क शहरातल्या एका रस्त्याचे तेच दृश्य ते पुन्हा पुन्हा दाखवतात: बस जाते, एक आलिशान मोटार जाते, मजूर रस्ता दुरुस्त करत असतात आणि एक स्थानिक माणूस कॅमेऱ्यासमोरून निघून जातो. पहिल्या निवेदनात हे सोव्हिएत प्रगतीचे आनंदी चित्र ठरते. दुसऱ्यात तेच मजूर गुलामांसारखे राबताना आणि तोच माणूस संशयास्पद दिसतो. तिसरे निवेदन तटस्थ आहे, पण तेही पुरेसे नाही असे मार्कर सुचवतात, कारण बदलत्या वास्तवाला ते एका क्षणात गोठवते. तिन्ही वेळा फ्रेममध्ये काडीचाही फरक नसतो.

चित्रच निवेदनाला उघडे पाडते, असेही घडते. स्पेनमधल्या अतिदरिद्री डोंगरी भागावर लुई बुन्युएल यांनी १९३३ मध्ये केलेल्या ‘लँड विदाउट ब्रेड’मध्ये सांगितले जाते की, इथे बकरीचे मांस खायला मिळते ते एखादी बकरी कड्यावरून घसरून मेली तरच. लगेच एक बकरी कोसळताना दिसते. मात्र फ्रेमच्या कडेला बंदुकीच्या धुराचा लोट उमटतो. ही विसंगती बुन्युएल यांनी मुद्दाम ठेवली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. सामान्य माहितीपटाच्या लेखकासाठी यातला बोध सरळ आहे. फ्रेमचे कोपरेही पाहिल्याशिवाय वाक्य पक्के करू नये. आणि प्रत्येक वाक्यापुढे स्वतःला विचारावे की, हे चित्राला धरून आहे, की याच चित्रावर याच्या नेमके उलट वाक्यही तितकेच शोभले असते? दुसरे उत्तर आले, तर वाक्यामागे चित्राबाहेरचा ठोस पुरावा हवा, नाहीतर ते गाळलेले बरे.

तयार निवेदन तपासण्याच्या तीन साध्या रीती आहेत. डोळे मिटून पट ऐकावा. नुसत्या आवाजावर सगळे समजत असेल, तर तो रेडिओचा कार्यक्रम झाला आहे आणि चित्रे वाया गेली आहेत. मग आवाज बंद करून पाहावे; त्यातही सगळे समजत असेल, तर निवेदन अनावश्यक आहे. शेवटी लेखकाने स्वतः मोठ्याने वाचून, तो कच्चा आवाज चित्रावर लावून पाहावा. श्वास कुठे अडतो, शब्द कोणत्या कटवर सांडतो, कोणते वाक्य चित्राच्या आधी धावते, हे कागदावर कळत नाही. या वाचनात लगेच कळते. एकेक वाक्य काढून तो भाग पुन्हा पाहिला आणि काहीच हरवले नाही, तर ते वाक्य परत घालू नये.

दिसणारे सांगणे जिथे योग्यच असते, अशा जागाही आहेत. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी केलेल्या ध्वनिवर्णनात हालचाल, चेहरा, कपडे, जागा हे सारे शब्दांनी द्यावेच लागते. तो वेगळा ध्वनिमार्ग असतो आणि त्याची संहिताही वेगळी लिहावी. यंत्राची जोडणी किंवा प्रथमोपचार शिकवणाऱ्या पटातही कृती दिसत असताना तिचे नाव घेणे उपयोगी पडते, कारण प्रेक्षकाला ती नंतर स्वतः करायची असते. हे अपवाद सोडले, तर निवेदनाचा कस एकाच ठिकाणी लागतो: वाक्य ऐकल्यावर प्रेक्षकाची नजर चित्रात आणखी खोल गेली पाहिजे. ज्या वाक्याने ती जात नाही, ते कितीही सुंदर असले तरी कापून टाकावे.